डीपीपर्यंत

सातारा, रविवार, रात्र

आज साठ दिवस झाले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या टिका मोजल्या. सत्तावन्न टिका आणि तीन मोकळे चौकोन.

जानेवारीत मी अजिंक्यताऱ्यावर रोज जायचं ठरवलं होतं. पहाटे पाचचा गजर लावला, नवे बूट आणले, शेजारच्या वहिनींनाही सांगून ठेवलं. नऊ दिवस गेले आणि दहाव्या दिवशी गजर बंद करून झोपले. त्याआधी योगवर्ग झाला होता, साखर सोडून झाली होती, रोज दहा पानं वाचायचं ठरवून झालं होतं. अशी पाच-सहा वर्षं गेल्यावर वाईट काय झालं, तर काही ठरवलं की आतून लगेच आवाज यायचा, "तुझं काय खरं नाही." त्या आवाजाशी भांडायला माझ्याकडे एकही पुरावा नव्हता.

म्हणून या वेळी गड सोडून दिला. ठरवलं ते एवढंच: सकाळचा चहा झाला, कप मोरीत ठेवला, की चपला घालून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीच्या पेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन तीन मिनिटंही लागत नाहीत. हे निवडताना एकच कसोटी लावली. ताप आहे, पाहुणे आलेत, पाऊस कोसळतोय, अशा माझ्या सगळ्यात वाईट दिवशीही हे होईल का? गडाचं उत्तर 'नाही' होतं. डीपीचं 'हो' आलं. आणि 'सकाळी लवकर' असं मोघम न ठेवता 'कप मोरीत ठेवल्यावर' असं बांधून घेतलं, कारण चहा काही माझा चुकत नाही. कप ठेवला की पाय आपोआप दाराकडे वळायला लागले, साधारण तिसऱ्या आठवड्यात.

पण त्याआधी एक मोठी चूक केली. बाराव्या दिवशी हवा छान होती, अंगात उत्साह होता, म्हणून डीपीवरून तशीच पुढे निघाले ती थेट टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत. घामाघूम होऊन परतले, खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कप ठेवला आणि मन म्हणालं, आता नुसतं डीपीपर्यंत जाण्यात काय अर्थ आहे? चार भिंतींना जायला वेळ नव्हता, म्हणून डीपीलाही गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कॅलेंडरवरचे पहिले दोन मोकळे चौकोन हेच.

त्या रात्री खूप रडू आलं, तीन मिनिटांचंही आपल्याला जमत नाही म्हणून. मग शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं, की मी वचन मोडलं नव्हतं, न सांगता वाढवलं होतं. माझे आधीचे सगळे संकल्प असेच, चांगल्या दिवसाच्या मापानं शिवलेले. तेव्हापासून डीपीला हात लावला की त्या दिवसाचं काम पुरं. त्यापुढे चालले तर ती हौस, तिची टीक नाही.

तिसरा मोकळा चौकोन आईच्या आजारपणातला. रात्रभर दवाखान्यात होते, सकाळचा चहा तिथंच झाला. पूर्वीची मी दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन फेऱ्या मारायला गेले असते आणि दमून सगळंच सोडलं असतं. या वेळी दुसऱ्या दिवशी एकच फेरी मारली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली छापून आला, त्याबद्दल वाचलं होतं. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता.

डीपीपर्यंत जाऊन वजन उतरलेलं नाही, दम पूर्वीइतकाच लागतो. हा व्यायाम नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बदललंय ते दाराशी. पूर्वी रोज सकाळी आत वाटाघाटी चालायच्या: आज जाऊ, उद्या जाऊ, संध्याकाळी जाऊ. जुलैतल्या त्या संततधारेत छत्री उघडताना लक्षात आलं, की आज आत कुणी काही बोललंच नाही. मी पाण्यातून चालत होते, डीपीच्या पेटीवरून धारा ओघळत होत्या (हात न लावता लांबूनच वळले), आणि मला स्वतःबद्दल फार माया वाटली.

आज संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "उद्यापासून गडावर येताय का माझ्याबरोबर?" जानेवारीत असते तर 'रोज येते' म्हणाले असते.

म्हटलं, "उद्याचा दिवस येते, वहिनी. डीपीपाशी थांबा, चहा झाला की तिथं पोचतेच."