माळ्यावरचे बिऱ्हाड

गेले काही दिवस, रात्री दिवे मालवल्यावर, आमच्या कोकणातल्या कौलारू घराच्या माळ्यावर धपकन उडी पडल्याचा आणि मग खरवडल्याचा आवाज येत असे. उंदीर असते तर भिंतीच्या कडेने हलकी, सलग तुरतुर ऐकू आली असती. ही पावले जड होती आणि थांबत थांबत पडत होती. आज दिवसाउजेडी वर चढलो, तेव्हा एकाच कोपऱ्यात बोटाएवढ्या विष्ठेचा ढीग दिसला आणि त्यात भेर्ली माडाच्या अख्ख्या बिया होत्या, म्हणजे हा फळे खाणारा कांडेचोर, अर्थात उदमांजर, याबद्दल शंका उरली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. शिवाय माळ्यावर पिल्ले असतील आणि मादी बाहेर असताना कौलाखालची फट बुजवली, तर ती आत उपाशी मरतील. म्हणून पिल्ले नाहीत याची खात्री होईपर्यंत मी ती उघडीच ठेवणार आहे.