वेळलेला भात, कुकरचा भात आणि पेजेतल्या कॅलरीज

आमच्या घरात भात दोन तऱ्हांनी होतो. मी ऑफिसला जायच्या घाईत कुकर लावते, सासूबाई निवांत असल्या की भात वेळतात. डाएटिशियनने दुपारच्या जेवणात १५० ग्रॅम शिजलेला भात लिहून दिला, तेव्हा प्रश्न आला की मोबाइलमधल्या अ‍ॅपवर कोणता आकडा टाकायचा. तिथे ‘शिजलेला पांढरा भात, १०० ग्रॅम, १३० कॅलरी’ अशी एकच ओळ होती. भात कसा शिजवलाय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

सासूबाईंचं मत ठाम होतं. “अगं, पेज काढली की भातातला सगळा स्टार्च जातो. म्हणून तर तुझ्या सासऱ्यांना वेळलेलाच देते.” सोसायटीतल्या बायकाही हेच सांगतात. कोणी तर वेळलेल्या भातात निम्म्याच कॅलरीज असतात असंही छातीठोकपणे म्हणतं. मला एवढंच खटकत होतं की तांदूळ म्हणजे मुळात बहुतेक स्टार्चच. तो सगळा निघून गेला, तर ताटात राहणार काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळाच्या साधारण ३५६ कॅलरी दिल्या आहेत. पाण्याला कॅलरी नसतात. म्हणजे २०० ग्रॅम तांदूळ कुकरमध्ये लावला आणि सगळं पाणी भातातच जिरलं, तर पातेल्यात ७१२ कॅलरी राहणार, पाणी दोन वाट्या घाला नाहीतर तीन. भात वेळला तर या ७१२ मधून पेजेबरोबर जेवढं बाहेर गेलं तेवढंच वजा. तेव्हा मोजायची ती पेज. भाताकडे बघून काही कळणार नाही.

तांदूळ मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातून आणलेला जुना कोलम. २०० ग्रॅम मोजून घेतला, दोनदा धुतला आणि निथळत ठेवला. तांदूळ धुतल्यावर थोडा कोंडा आणि पीठ जातंच, पण ते दोन्ही पद्धतींत सारखंच जातं, म्हणून ते हिशोबातून सोडून दिलं. मीठ किंवा तेल मात्र अजिबात घातलं नाही. पेज आटवल्यावर जे खाली उरतं त्यात मीठही उरतं आणि वजनात मिसळतं. पाणीही फिल्टरचंच वापरलं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, आणि त्या पाण्याचे क्षार भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतात. दीड लिटर पाण्यातले क्षार मी स्टार्च म्हणून मोजले असते.

दीड लिटर पाण्याला आधण आलं तसा तांदूळ घातला आणि झाकण न ठेवता शिजू दिला. दहा-बारा मिनिटांनी शीत बोटात चेपून पाहिलं. वरून मऊ, आत अगदी बारीक कणी. वेळायची वेळ हीच. सासूबाई पातेल्यावर वेळणी धरून, फडक्यानं कडा पकडून, एका झटक्यात पेज काढतात. मला ते जमत नाही आणि पेज सांडली असती तर मोजमाप फुकट गेलं असतं. मी स्टीलच्या चाळणीवर ओतला आणि पाच मिनिटं तसाच निथळू दिला. चाळणीखाली ८१० ग्रॅम पेज जमली. भात भरला ६५५ ग्रॅम. बाकीचं पाणी वाफ होऊन गेलं.

ही पेज बघून कोणाचाही समज पक्का होईल. दुधासारखी पांढरी, गार व्हायला लागली की वर साय धरते, चमच्याला चिकटते. एवढी दाट म्हणजे अर्धा तांदूळ यातच गेला असणार असं वाटतं. पण स्टार्च पाण्यात शिजला की फुगतो आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. टोमॅटो सूपला चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलं तर आख्खं पातेलं दाट होतं ना, तसंच. दाटपणावरून वजनाचा अंदाज बांधता येत नाही.

आटवणं हाच खरा कंटाळवाणा भाग. पेज आधी मोठ्या पसरट पॅनमध्ये मंद आचेवर ठेवली आणि सतत उलथनं फिरवत राहिले, कारण तळाला लागली तर काळी पडते आणि जळलेलं वजनातून कमी होतं. आटून खिरीसारखी झाली तेव्हा आधी वजन करून ठेवलेल्या हलक्या स्टीलच्या ताटात काढली. पॅनला चिकटलेलं दोन चमचे पाण्यानं धुऊन तेही त्यातच घातलं. मग ताट ओटीजीमध्ये १०० अंशांवर. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खालचं ओलं तसंच अडकून राहतं, म्हणून अधूनमधून बाहेर काढून चमच्यानं पापुद्रा मोडावा लागतो. वाळलं हे रंगावरून ठरवायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं वजन करायचं आणि काटा खाली यायचा थांबला की वाळलं. शेवटी ताटात पापडाच्या चुऱ्यासारखे पिवळट तुकडे उरले. वजन १२ ग्रॅम.

किचनमधला वजनकाटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणून अर्धी-पाव पेज घेऊन गुणाकार न करता सगळीच आटवली होती. पन्नास ग्रॅम पेज वाळवली असती तर काट्यानं एकही ग्रॅम धड दाखवला नसता, आणि तीच चूक सोळा पट झाली असती. १२ च्या जागी ११ किंवा १३ असेल, एवढी गफलत मला चालण्यासारखी होती.

वाळलेल्या तांदळाच्या ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. म्हणजे २०० ग्रॅम तांदळाच्या पेजेत ४८ कॅलरी गेल्या. ७१२ मधून ४८ गेल्या, राहिल्या ६६४. शंभराला सात सुद्धा नाही. आख्ख्या पातेल्याची पेज टाकून जे वाचलं, ते वरणावरच्या एका छोट्या चमचा तुपात परत येतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “तुझा काटा बिघडलाय.” मग काट्यावर न उघडलेली किलोची साखरेची पिशवी ठेवून दाखवली.

इथवर सरळ होतं. घोळ पुढे आहे, तो वाटीत.

वेळल्याबरोबर भात ६५५ ग्रॅम होता. ६६४ कॅलरींना त्यानं भागलं तर १०० ग्रॅमला १०१ येतात. पण असा भात कोणी लगेच वाढत नाही. आतली कणी मुरायला तो पुन्हा पातेल्यात घालून, झाकण ठेवून, तव्यावर मंद आचेवर वाफेला ठेवतात. वाफ आल्यावर वजन केलं तर ६१० ग्रॅम. कॅलरी त्याच ६६४, पण आता १०० ग्रॅमला १०९. कुकरचा भात, तेवढ्याच तांदळाला ४५० ग्रॅम पाणी घालून लावलेला, ६४० ग्रॅम भरला होता. ७१२ ला त्यानं भागा, १११.

म्हणजे ताटात १५० ग्रॅम भात वाढून घेतला तर कुकरच्या भाताच्या १६७ कॅलरी आणि वेळलेल्याच्या १६३. पेज काढूनही वजनाच्या हिशोबात दोघे जवळजवळ बरोबरीत, कारण वेळलेला भात मोकळा असतो, त्यात पाणी कमी राहतं आणि तेवढ्याच वजनात मूळचा कच्चा तांदूळ किंचित जास्त येतो. याउलट कुकरला पाणी कमी घालून कोरडा भात केला तर १०० ग्रॅमच्या १३० कॅलरीही होतील. अ‍ॅपमधला आकडा चूक नाही, तो जास्त कोरड्या भाताचा आहे. आसट भाताला तो लावला की जेवण कागदावर उगाच जड दिसतं.

नंतर इंद्रायणीवरही हेच करून पाहिलं. पुण्यात घरोघरी हाच, पण तो वेळायचा तांदूळ नाहीच. नवा, चिकट, मिनिटभर जास्त झालं की शितं फुटतात आणि चाळणीची भोकं बुजतात. पेजेतून १७ ग्रॅम निघाले, म्हणजे ६८ कॅलरी, पण त्यात फुटलेल्या कण्याही होत्या. शीत जेवढं फुटेल तेवढं आतलं बाहेर येतं. तुकडा तांदूळ घेतला, जास्त शिजवला किंवा सारखा ढवळला तरी हेच होणार. जुना, अख्खा दाणा कमी सोडतो. जास्त कॅलरी काढायच्या म्हणून भात मुद्दाम गाळ होईपर्यंत शिजवण्यात मला तरी राम वाटत नाही, त्यापेक्षा दोन घास कमी खावेत.

शिवाय पेजेबरोबर नुसता स्टार्च जात नाही. थायमिनसारखी पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वंही जातात, आणि पांढऱ्या तांदळात ती आधीच जेमतेम असतात. आमच्याकडे पेज वाया जात नाही हे खरं. माझे सासरे, अप्पा, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून ती पितात, म्हणजे त्यांच्या पोटात त्या ४८ कॅलरी तुपासकट पोचतातच. त्यांच्या रक्तातल्या साखरेचं म्हणाल तर डाएटिशियनने स्वच्छ सांगितलं की उरलेल्या शितातला स्टार्च तोच आहे, तेव्हा भात किती वाढला जातो यावर लक्ष द्या. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. भात मात्र अजून वेळतातच, आणि माझीही त्याला हरकत नाही. मसालेभाताला, लिंबूभाताला तसा मोकळा भात दुसऱ्या कशानं होत नाही.

अ‍ॅपमध्ये मी आता तयार ओळ वापरत नाही. तांदूळ कच्चा मोजते, शिजल्यावर पातेल्यासकट वजन करून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करते. ते आकडे एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावलेत. २०० ग्रॅमचे ६१० झाले असतील तर माझ्या १५० ग्रॅममध्ये कच्चा तांदूळ ४९ ग्रॅम, आणि अ‍ॅपवर ‘कच्चा तांदूळ’ निवडून तोच टाकते. वेळलेला असेल तर पेजेपोटी त्यातून तीन ग्रॅम कमी करते. बाहेर खाणावळीत जेवले तर वजनाचा प्रश्नच नसतो, तिथे अ‍ॅपची १३० ची ओळ घेते.