नऊ मिनिटं लवकर

"अर्धं इंधन संपलं की मागे फिरायचं, एवढंच ना तुमचं ते पॉइंट ऑफ नो रिटर्न?"

पॉइंट ऑफ नो रिटर्न म्हणजे तो बिंदू, जो ओलांडल्यावर निघालो तिथे परतण्याइतकं इंधन उरत नाही. तो अर्ध्या इंधनावर येतो का? वारा अगदी पडलेला असेल तर हो. पण मी इतकी वर्षं समुद्रावरून विमानं नेली, त्यात असा दिवस क्वचितच मिळाला. शिकाऊ वैमानिकांकडून मी हा हिशेब आधी कागदावरच करून घेतो, कारण मनाला पटणारं उत्तर इथे चुकीचं असतं.

समजा, टाक्यांत १० तासांचं इंधन आहे. त्यातलं २ तासांचं राखीव, ते नाहीच असं धरायचं. उरले ८ तास. विमानाचा हवेतला वेग २०० नॉट, म्हणजे ताशी २०० सागरी मैल. वारा नसेल तर चार तास जायचं, चार तास यायचं. बिंदू ८०० मैलांवर.

आता ४० नॉटचा वारा पाठीशी घेऊ. जाताना प्रत्यक्ष वेग २४०, परतताना तोच वारा तोंडावर, म्हणून १६०. चार तासांनी तुम्ही ९६० मैल दूर असता आणि परतायला सहा तास लागतात. चार आणि सहा, दहा. म्हणजे धावपट्टीवर पोचताना राखीवसकट सगळं इंधन संपलेलं. "अर्ध्यावर फिरा" हा नियम पाळून ही वेळ येते.

खरी वेळ काढायची ती अशी: वापरता येणारे तास गुणिले परतीचा वेग, भागिले जाण्याच्या आणि परतीच्या वेगांची बेरीज. आठ गुणिले १६०, भागिले ४००. उत्तर ३ तास १२ मिनिटं, अंतर ७६८ मैल.

वारा उलटा, जातानाच तोंडावर असेल, तर वेळ येते ४ तास ४८ मिनिटं. अंतर मात्र पुन्हा ७६८ मैलच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझंच गणित चुकलं असं मला वाटलं होतं. पण ते बरोबर आहे. वारा पाठचा असो की तोंडावरचा, बिंदू घराच्या जवळच सरकतो. वारा ज्या दिशेला मदत करतो तिकडचा प्रवास लवकर संपतो, तर जिकडे अडवतो तिकडे जास्त तास जातात. त्यामुळे नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं राहतं. समुद्रात प्रवाहाबरोबर जाऊन प्रवाहाविरुद्ध परतणाऱ्या बोटीचंही असंच.

आता ज्यासाठी एवढं सांगितलं तो भाग. निघण्यापूर्वी काढलेला आकडा अंदाजाच्या वाऱ्यावर बेतलेला असतो. वरच्याच उड्डाणात ४८० मैलांवर एक ठरलेली खूण आहे, तिथे बरोबर दोन तासांनी पोचायचं होतं. तुम्ही पोचलात १ तास ५१ मिनिटांनी. कॉकपिटमध्ये सगळे खूश होतात. माझ्या पोटात मात्र अशा वेळी गोळा यायचा. नऊ मिनिटं लवकर, म्हणजे प्रत्यक्ष वेग २६०, म्हणजे पाठीशी वारा ४० नव्हे, ६० नॉटचा. परतीला उरले फक्त १४०. पुन्हा गणित करा: आठ गुणिले १४०, भागिले ४००, २ तास ४८ मिनिटं. बिंदू २४ मिनिटं आधी आला. जुन्याच आकड्यावर विसंबून ३ तास १२ मिनिटांनी फिरलात, तर एकूण प्रवास ९ तासांहून जास्त होतो आणि राखीव दोन तासांतले निम्म्याहून जास्त जळतात. म्हणून प्रत्येक खुणेवर घड्याळ पाहून आकडा नव्याने मांडायचा, आणि लवकर पोचलो तर जास्त काळजीने.

परतताना वारा तोच राहील, हेही आपण गृहीतच धरतो. उंची बदलली किंवा हवामान फिरलं तर तो तसा राहत नाही. शंका असेल तेव्हा मी परतीचा वेग थोडा कमीच धरत असे.

शिवाय हा बिंदू फक्त मागे जाण्याबद्दल बोलतो. पुढे उतरता येईल की नाही, ते तो सांगत नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चहून अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोला जाणाऱ्या विमानांना हे फार जाणवतं, कारण तिथे जवळपास दुसरी सोयीची धावपट्टी नाही. बिंदूआधी मॅकमर्डोचं ताजं हवामान घेतात आणि ते बिघडलेलं असेल तर विमान माघारी वळतं. तिथले लोक अशा फेरीला बूमरँग म्हणतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यूझीलंड हवाई दलाचं एक बोइंग ७५७ चांगल्या अंदाजावर बिंदू ओलांडून गेलं आणि नंतर मॅकमर्डोवर धुकं उतरलं. परतण्याइतकं इंधन नव्हतं. शेवटी नियमात बसत नाही इतक्या कमी दृश्यमानतेत त्यांना उतरावं लागलं. सगळे सुखरूप राहिले.

त्यामुळे माझ्या नोंदवहीत बिंदूच्या वेळेच्या वर नेहमी आणखी एक वेळ लिहिलेली असायची, अर्धा तास आधीची. त्या वेळी पुढच्या विमानतळाचं हवामान मागायचं. उत्तर यायला उशीर झाला, रेडिओ खरखरला, तरी वळायला वेळ हातात असायचा.