हिरवा ठिपका चुकला

खानापूरला देवळाच्या हॉलमध्ये नवीन भजन क्लास सुरू झाला, सतरा जण, त्यात बायका जास्त, आणि पुस्तकांचं कपाट माझ्या गळ्यात. कमिटीने पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, बघायला झकास, शिकवायला बिनकामाची.

मी दोन रविवार बसून रंगीत ठिपके चिकटवले. हिशोब असा की छोट्या अभंगात 8-8 अक्षरं, यमक लगेच येतं, म्हणून सोपा, हिरवा. मोठ्या अभंगात 6-6-6-4, म्हणून पिवळा. 'सुंदर ते ध्यान' मोठा, पण सगळ्यांना पाठ, मग त्यालाही हिरवा देऊन टाकला. तिथंच फसलो.

पहिल्या दिवशी पेटी काळी एकमध्ये धरली, धृपद झक्कास झालं, अंतरा तार सप्तकात गेला आणि बायकांचे आवाज बंद. पुरुष मात्र जोरात, त्यांना ओरडायला निमित्तच लागतं. एक काकू म्हणाल्या, "काय ओ सर, हिरवं म्हटलासा आणि वर चढवलासा की!"

घरी येऊन त्या चालीचा सगळ्यात खालचा आणि वरचा सूर पेटीवर शोधला, तर सा पासून थेट तार ग. म्हणजे मी ठिपका शब्दांना दिला होता, अवघडपणा होता चालीत. मग तोच अभंग सा ते प, पाचच सुरांत बसवला, बायकांसाठी पट्टी खाली काळी पाचवर आणली, पुरुषांना त्याच पट्टीत खालच्या सप्तकात गायला लावलं, आणि कुणाचाच गळा अडला नाही.

पण 'ठेवोनियां' अडलं. या शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी, ठेका तेवढाच, म्हणून ती चार अक्षरं ओढून भरावी लागतात. नवखे ओढत नाहीत, समेच्या आधीच पुढच्या ओळीवर उडी मारतात आणि टाळ मागे राहतो. 'जे का रंजले गांजले'मध्ये दोन्ही चरण सारखे, तिथं हा घोळच नाही. म्हणून आता आधी ते, पंधरा दिवस नुसत्या टाळीवर, मग 'सुंदर ते ध्यान'.

ठिपके पुस्तकावरून काढले, रजिस्टर केलं: अभंग, चाल, खालचा सूर, वरचा सूर, ताल. एकाच अभंगाच्या दोन चाली म्हणजे दोन ओळी, सोपी हिरवी, अवघड लाल.

त्यातही एक पाचर राहिलीच. कन्नड मीडियमची तीन पोरं घरी मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात, शब्द लागेपर्यंत सूर निसटतो. त्यांना कन्नड लिपीत झेरॉक्स दिले तर तीच पोरं सगळ्यांच्या पुढे, आणि पुरंदरदासांच्या कन्नड पदाला काकू मागे. एकाच ओळीला दोन रंग द्यायचे का, हे अजून ठरत नाहीये.

कमिटीचं मात्र एकच, ठिपके पुस्तकांवर का नाहीत, कपाट छान दिसत होतं.