पळत्या गाडीवरचा जेट: कंट्रोल व्हॉल्यूम गाडीसोबत का न्यायचा

स्थिर नोझलमधून V वेगानं सुटलेला, A क्षेत्रफळाचा पाण्याचा जेट U वेगानं पळणाऱ्या गाडीवरच्या वळणदार पात्यावर, म्हणजे व्हेनवर, आदळतो; ρ ही पाण्याची घनता.

"सर, नोझलमधून दर सेकंदाला ρAV एवढं पाणी सुटतंय. मग गाडीच्या गणितात ρA(V−U) का? उरलेलं पाणी गेलं कुठं?"

हवेत. गाडी U वेगानं पुढं सरकते तसा नोझल आणि व्हेन यांच्यामधला जेट लांबत जातो आणि ρAU एवढं पाणी त्या वाढत्या लांबीतच राहतं. व्हेनपर्यंत ते पोचतच नाही.

आता कंट्रोल व्हॉल्यूमची, म्हणजे हिशेबासाठी निवडलेल्या जागेची, सीमा गाडीभोवती आखा आणि गाडीलाच बांधून टाका. गाडीवर बसून पाहिलं तर पाणी V−U वेगानं आत येतं आणि घर्षण सोडलं तर त्याच वेगानं, θ कोनात वळून, बाहेर पडतं. चाकांचं घर्षण आणि हवेचा विरोधही सोडला की आडवं बाह्य बल शून्य. पण ही सीमा स्वतःच त्वरणात आहे, म्हणून समीकरणात −M dU/dt हे पद येतं; M हे गाडीचं वस्तुमान. ते विसरलात तर डावी बाजू शून्यच राहते आणि गणित तिथंच अडकतं. ते धरलं की:

M dU/dt = ρA(V−U)²(1−cosθ)

आकडे घालू. जेट 20 मी/से, क्षेत्रफळ 5 चौ. सेंमी, θ = 60°, गाडी 25 किलो. ρA(1−cosθ) = 0.25 किलो/मी. सुरुवातीला बल 100 न्यूटन, त्वरण 4 मी/से². गाडी 10 मी/से ला पोचली की बल 25 न्यूटनच उरतं. ρAV धरणाऱ्याला इथं 50 मिळतात. गंमत म्हणजे U = 0 असताना दोन्ही उत्तरं सारखीच येतात, त्यामुळं चूक सुरुवातीच्या त्वरणात दिसत नाही, पुढं वेग काढताना दिसते. बरोबर समीकरणातून 5 सेकंदांनी 10 मी/से येतात, चुकीच्यातून 12.6. पुढचा प्रवास फार संथ आहे: जेटच्या 90 टक्के वेग गाठायला 45 सेकंद.

ρAV कायम चूकच, असंही नाही. कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या पेल्टन टर्बाइनला तेच लागतं. तिथं एक बकेट पुढं गेली की मागची समोर येते, त्यामुळं सगळं पाणी कुठल्या ना कुठल्या बकेटवर पडतंच. गाडीवर व्हेन एकच.

प्रयोग करायचा असेल तर आधी अंतर काढा. अर्धा वेग गाठेपर्यंत ही गाडी 30.7 मीटर जाते आणि तेवढ्यात आडवा सोडलेला जेट साडेअकरा मीटर खाली आलेला असतो. म्हणजे 25 किलोची गाडी कागदावरच बरी. हे अंतर जेटच्या वेगावर अवलंबून नसतं, त्यामुळं पंप बदलून काही हाती लागत नाही; वस्तुमान कमी करावं लागतं. अडीच किलोची गाडी घेतली तर सुमारे 3.1 मीटरच्या रुळावर भागतं आणि जेट साडेअकरा सेंटिमीटरच उतरतो. मात्र 30 सेंमी लांब व्हेनवर एकावेळी सुमारे 150 ग्रॅम पाणी असतं. 25 किलोंत ते सोडून देता येतं, अडीच किलोंत ते 6 टक्के होतं आणि M मध्ये धरावं लागतं.