रमी सुरू व्हायच्या आधी पत्ते तपासायचं काम आणि चार कोरे जोकर

आमच्या क्लबात रमीच्या स्पर्धेआधी पत्ते कोणीतरी तपासायचे असं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. काम तसं अवघड नाही पण सेक्रेटरींशी जो वाद झाला ना त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून काढते.

आधी पटकन होणारं सांगते. पत्ते मोजायचे, रंगाप्रमाणे लावायचे, एखादं पान डबल आहे किंवा गायब आहे ते तिथेच कळतं. मग सगळी पानं पालथी करून गठ्ठा डाव्या हातात नीट सारखा धरायचा, पाठीवरच्या नक्षीतला एकच ठिपका किंवा फूल पकडायचं आणि अंगठ्याने कडा भरभर सोडायच्या. लहानपणी वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पळवायचो ना, तसंच. नक्षी जागच्या जागी स्थिर दिसली पाहिजे. कुठे कोणी एखादी पाकळी भरली असेल, रेघ खरवडली असेल तर ती जागा लुकलुकते. कॅट उलटा फिरवून दुसऱ्या टोकाकडूनही बघायचं, कारण खूण करणारा बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोन्ही कोपऱ्यांना करतो पण नेहमीच नाही.

मग अर्धी पानं खालची वर अशी फिरवून परत तेच करायचं. नक्षी दोन्ही लांब कडांना सारखी कापलेली नसेल तर इथे उडी मारते. हे फालतू वाटतं पण २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात पोकरपटू फिल आयव्ही पुन्तो बांको या पत्त्यांच्या जुगारात ७७ लाख पौंड जिंकला तो याच गोष्टीवर, आणि पानांना त्याने हातही लावला नव्हता, वाटणारीकडूनच ती फिरवून घेतली होती. क्लबने पैसे दिले नाहीत आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने क्लबच्या बाजूने निकाल दिला.

आमच्या कॅटमध्ये या सगळ्यात काहीच निघालं नाही. अडकलं ते कडा बघताना.

दोन कॅट एकत्र होते, चार छापील जोकर धरून १०८ पानं. गठ्ठा टेबलावर ठेवला, नजर टेबलाच्या उंचीला आणली आणि दिवा बाजूने लावला. (दिवा वरून नको, तिरपाच हवा, तिरप्या उजेडात नखाची दाब पण सावली टाकते.) कडा सगळ्या राखाडी झालेल्या, हाताच्या घामाने आणि मळाने होतात तशा. आणि त्या राखाडीत चार पांढऱ्या रेघा. स्वच्छ, टणक, सरळ रेघा. आता इथे एक नियम मी कटाक्षाने पाळते, वेगळं दिसलेलं पान लगेच उलटून बघायचं नाही. आधी फक्त पाठ आणि कडा बघून ढीग करायचे, सगळं झालं की मगच सुलटी करायची, नाहीतर एक्का दिसला की डोळ्यांना उरलेल्या एक्क्यांवरही खुणा दिसायला लागतात. तर पांढऱ्या कडेची चार बाजूला काढली, आणि कोपरा मऊ पडून किंचित वर वळलेली बरीच पानं निघाली ती दुसऱ्या ढिगात, जास्त वळलेली वर आणि कमी वळलेली खाली अशी लावून.

उलटली. पांढरी चारही जोकर. आणि कोपरा वळलेल्यांत वरती एक्के, त्याखाली राजे-राण्या, मग थोडे गुलाम-दश्शी. दुऱ्या, तिऱ्या, चव्व्या जवळपास नाहीतच.

बाजूला उभे असलेले एक सभासद लगेच म्हणाले, "झालं, कोणीतरी हात मारलाय." मला तसं वाटलं नाही. मुद्दाम खूण केली की ती असते किंवा नसते, मधलं काही नाही. सगळ्या एक्क्यांना त्याच जागी, कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर नखाची चीर, आणि राजाला अजिबात नाही, असं. ताजी चीर असेल तर आतला कागद पांढरा दिसतो, जुनीत मळ बसलेला असतो. इथे तर एक्क्यापासून दश्शीपर्यंत हळूहळू उतरत गेलेली घसरण होती, कुठेही धारदार घडी नाही. विचारल्यावर कळलं की हे दोन्ही कॅट आधी पोकरच्या टेबलावर होते. मग कोडं सुटलं. पोकरमध्ये आपली दोन पानं टेबलावर पालथी ठेवून अंगठ्याने कोपरा उचलून बघतात, हलकी पानं लगेच टाकून देतात, एक्के-राजे मात्र शेवटपर्यंत राहतात आणि पुन्हापुन्हा कोपरा उचलला जातो. आणि पोकरला जोकर लागतच नाही, म्हणून ते चौघे इतके दिवस खोक्यात आराम करत होते.

मी हे सेक्रेटरींना सांगितलं आणि चूक तिथेच झाली त्यांची, कारण ते म्हणाले, "म्हणजे कोणी खुणा केलेल्या नाहीत ना? मग चालू द्या की." म्हणलं, अहो कोणी केल्या हा प्रश्नच नाहीये, पाठ बघून पान कळतं की नाही एवढाच प्रश्न आहे. तर म्हणे, "डोळ्यात तेल घालून बघितलं तर काहीही दिसतं हो, खेळताना कोण एवढं बघतंय?" लोक येऊन बसायला लागलेले, चहा फिरतोय, आणि हे मला तपासणी जास्त मनावर घेतल्याबद्दल ऐकवतायत!

शेवटी मी वाद सोडला आणि गठ्ठा पिसून त्यांच्याच हातात दिला. सुलटं न करता जोकर काढून दाखवा म्हणलं. त्यांनी कडेकडे बघितलं, नखाने एक पान सरकवलं, जोकर. दुसरं पण जोकर. चष्मा न लावता. मग गप्प. रमीत बंद गड्डीच्या वर जोकर आलाय हे आधी कळलं तर उघडं पान उचलायचं की गड्डीतलं हा विचारच करावा लागत नाही, हे त्यांना मी वेगळं सांगायची गरज पडली नाही.

तरी एकाने सुचवलं की जोकर जरा चुरगाळून मळवूया. नाही चालत, नव्याने मळवलेलं पान आणि मुरलेलं पान बोटाला वेगळंच लागतं. दुसऱ्याने म्हणलं छापील जोकर काढून फक्त कापून आलेल्या जोकरवर खेळू, हे बरं होतं, पण वळलेले एक्के राहतातच. शेवटी कपाटातून एकाच नक्षीचे दोन नवे कॅट फोडले, आणि खेळ अर्धा तास उशिरा का होईना पण सुरू झाला.

आता मी रमीचे आणि पोकरचे खोके वेगळे करून वर मार्करने लिहून ठेवलेत. रमीच्या कॅटमध्ये जोकर पहिल्या दिवसापासून पिसण्यात असतात. एखादं पान फाटलं तर दुसऱ्या कॅटमधलं त्याच्या जागी घालायचं नाही, तेही कडेला पांढरी रेघ म्हणूनच दिसणार, अख्खा कॅट बदलायचा. आणि हो, मगाशी राहिलं, काही शाया नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, लाल काचेतून किंवा लाल जिलेटिनच्या कागदातून पाठी बघितल्या की त्यातल्या काही उठून येतात, पण सगळ्याच नाही, म्हणून खेळाच्या आधी सील फोडलेला कॅट केव्हाही बरा. प्लॅस्टिकच्या पत्त्यांत कडा मळण्याचा त्रास कमी, पुसताही येतात, फक्त एकदा घट्ट घडी पडली की ती राहतेच तेव्हा कोपरे तिथेही बघा.

सेक्रेटरी पुढच्या वेळी म्हणाले, "तुम्हीच बघा बाई पत्ते." बघतेच आहे.