चार महिने तीच जाहिरात, शेवटी सरांनाच विचारलं

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टच्या एका युनिटला डॉक्युमेंटेशन बघतो, सहा वर्षं झाली. चिंचोळीच्या एका कंपनीची एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची जागा जॉब पोर्टलवर जानेवारीपासून दिसत होती, दोनदा अप्लाय केलं, काहीच उत्तर नाही. आणि दर पंधरा दिवसांनी ती जाहिरात परत वर यायची, तारीख नवी पण जॉब आयडी तोच जुना, मजकूरही शब्दन् शब्द तोच. म्हणजे कोणी नव्याने टाकत नव्हतं, पोर्टलच आपोआप रिफ्रेश करत होतं. नुसत्या तारखेवरून जागा चालू आहे असं समजायचं नाही हे तेव्हा कळलं.

मग तिथल्या कमर्शियल मॅनेजरांचा ईमेल माल परदेशी पाठवणाऱ्या एका फॉरवर्डरकडून मिळवला. पहिल्यांदा लांबलचक मेल लिहिला होता, तो खोडला. कारण "काही व्हेकन्सी आहे का" विचारलं की ते एचआरकडे ढकलून मोकळे होतात, आणि "इतके दिवस का भरली नाही" विचारलं तर आरोप वाटतो. शेवटी एवढंच पाठवलं:

"नमस्कार सर, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची जागा (जॉब आयडी खाली दिलाय) जानेवारीपासून दिसते आहे. तुमच्याकडून ती अजून भरायची आहे का, की थांबवली आहे? मी सहा वर्षं टॉवेलच्या एलसी शिपमेंटची कागदपत्रं करतो. जागा थांबली असेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

मंगळवारी सकाळी पाठवला, दुपारी फोन आला. "जागा आहे हो, पण आमच्याकडे अर्जच येत नाहीत."

मी गेलो. सरांनी माझ्यासमोर पोर्टल उघडलं, तर दीडशेच्या आसपास अर्ज, एकही न बघितलेला. अर्ज आल्याची मेल ज्या एचआर मॅडमच्या आयडीवर जात होती त्या फेब्रुवारीतच नोकरी सोडून गेलेल्या. सर काही क्षण स्क्रीनकडे बघतच राहिले, मला खरंच वाईट वाटलं, त्यांचंही आणि त्या दीडशे लोकांचंही, सगळ्यांना वाटलं असणार की आपल्याला नाकारलं.

जानेवारीत एकाला निवडलं होतं म्हणे, पण नोटीस पिरियड चालू असताना जुन्या कंपनीने पगार वाढवला आणि तो आलाच नाही. तोपर्यंत कामही बदललेलं, जाहिरातीत नुसतं पॅकिंग लिस्ट नि शिपिंग बिल लिहिलेलं, खरी अडचण मात्र एलसीची, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देऊ या बँकेच्या हमीपत्राची. इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही म्हणून बँकेने एका शिपमेंटचे कागद परत पाठवलेले, दुरुस्तीत वेळ गेला आणि शिपमेंटनंतर बँकेत कागद द्यायची एकवीस दिवसांची मुदत टळायला आलेली. त्यांनी तो इन्व्हॉइस पुढे केला, चूक मी तिथेच दाखवली. एलसीत "टेरी टॉवेल्स" होतं, यांनी नुसतं "कॉटन मेड-अप्स" टाकलेलं.

निघताना सरांनी एकच विचारलं, "नोटीस किती?"

"तीस दिवस सर. लेखी देतो."